जी मर्यादा अडवते, तिलाच किंमत

विहिरीला पाणी भरपूर आहे, पण वीज दिवसाला सहाच तास मिळते असं समजा. एका बाजूला ऊस उभा आहे, दुसऱ्या बाजूला कांदा. उसाला रोज ५ तास पाणी मिळालं तर उत्तम, कांद्याला ३ तास. बेरीज ८ होते आणि हातात आहेत ६. कमी पडणारे दोन तास कोणाच्या वाट्यातून कापायचे? सगळे कांद्याचे कापावेत, सगळे उसाचे, की दोघांचे थोडे थोडे? त्यातून लगेच दुसरा प्रश्न निघतो. डिझेल इंजिन भाड्याने आणून आणखी एक तास पाणी देता आलं, तर त्यासाठी किती पैसे मोजणं परवडेल?

पहिला प्रश्न वाटणीचा आहे, दुसरा किमतीचा. वरवर पाहता दोन्ही वेगळे वाटतात. पण गणितात ते एकाच वेळी सुटतात, किंबहुना एक सोडवल्याशिवाय दुसरा नीट सुटतच नाही. ते सोडवणाऱ्या अटींना कारूश, कून आणि टकर या तीन गणितींच्या आडनावांवरून केकेटी अटी म्हणतात. अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र यांपैकी काहीही शिकणाऱ्याला त्या कधी ना कधी भेटतात, आणि बहुतेकांना त्या चार ओळींचं पाठांतर म्हणूनच भेटतात. याची गरज नाही. एक छोटं उदाहरण शेवटपर्यंत हाताने सोडवलं, की त्या चार ओळी का आहेत ते आपोआप दिसतं.

उसाला दिलेले तास x आणि कांद्याला दिलेले तास y मानू. पाणी कमीजास्त झाल्याने हंगामात होणारं नुकसान, हजार रुपयांत, असं धरू:

f = (x − 5)² + (y − 3)²

वर्ग घेण्यामागे कारण आहे. अर्धा तास पाणी कमी पडलं तर पीक फारसं मनावर घेत नाही; या सूत्राने नुकसान फक्त २५० रुपये होतं. दोन तास कमी पडले तर मात्र ते ४ हजारांवर जातं, म्हणजे टंचाई चौपट झाली तर फटका सोळापट. शिवाय गरजेपेक्षा जास्त पाणीही वाईटच. कांदा सडतो, आणि वर्गामुळे तेही नुकसानीतच धरलं जातं. खऱ्या शेताचं गणित इतकं सुबक नसतं, पण आपल्याला जे पाहायचं आहे त्यासाठी एवढं पुरतं.

आता मर्यादा. पहिली विजेची: x + y ≤ 6. दुसरी मुद्दाम घालतो. उसाकडे जाणारा पाट शेजाऱ्याच्या बांधावरून जातो आणि त्याच्याशी असं ठरलं आहे की दिवसात साडेचार तासांपेक्षा जास्त वेळ त्या पाटाने पाणी न्यायचं नाही. म्हणजे x ≤ 4.5. (x आणि y उणे असू शकत नाहीत हे खरं, पण इथे ती वेळच येणार नाही, म्हणून त्या अटी लिहीत बसत नाही.)

दोन्ही मर्यादांमध्ये ‘बरोबर’ हे चिन्ह नाही, ‘पर्यंत’ हे चिन्ह आहे. सगळी अडचण इथेच सुरू होते. दोन्ही पिकांना मिळून नेमके ६ तास पाणी द्यायचंच, अशी सक्ती असती तर अठराव्या शतकातली लाग्रांज यांची गुणकांची रीत वापरून उत्तर झटकन आलं असतं. ‘पर्यंत’ म्हटलं की आधीच ठाऊक नसतं, उत्तर मर्यादेला टेकणार आहे की तिच्या अलीकडेच थांबणार आहे. टेकत असेल तर ती मर्यादा समीकरणासारखी वागते. टेकत नसेल तर ती असली काय, नसली काय, सारखंच. मर्यादा दोन असतील तर कोणती टेकते आणि कोणती नाही याच्या चार शक्यता होतात.

हा प्रश्न विल्यम कारूश यांनी १९३९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या एम.एस्सी.च्या प्रबंधात सोडवला होता. तो प्रबंध छापला गेला नाही आणि कोणाच्या फारसा लक्षातही राहिला नाही. पुढे हॅरॉल्ड कून आणि अल्बर्ट टकर या प्रिन्स्टनच्या दोघांनी स्वतंत्रपणे त्याच अटी शोधल्या, १९५० मध्ये बर्कलीच्या परिसंवादात मांडल्या आणि १९५१ मध्ये त्या छापून आल्या. बराच काळ त्या कून-टकर अटी म्हणूनच शिकवल्या गेल्या. १९७०च्या दशकात कारूश यांचं काम कानावर आल्यावर कून यांनी त्यांना स्वतः पत्र लिहिलं आणि नंतर या विषयाच्या इतिहासावर लेख लिहून पहिलं श्रेय त्यांना दिलं. आज नावात कारूश पहिले आहेत, त्याचं मोठं कारण कून यांचा हा मोठेपणा आहे.

आता त्या अटींकडे. उतारावरून गडगडत आलेला चेंडू बांधाला अडून थांबला आहे, असं डोळ्यांपुढे आणा. उतार त्याला खाली ढकलतो, बांध तितक्याच जोराने त्याला थोपवून धरतो, म्हणून तो स्थिर आहे. चेंडू बांधाच्या आत घुसलेला नाही. बांध चेंडूला थोपवू शकतो, स्वतःकडे ओढू शकत नाही. आणि चेंडू बांधाला टेकलेलाच नसेल, तर बांधाचा त्याच्यावर काहीही जोर नसतो. केकेटी अटी चार आहेत आणि त्या चारही एवढ्यात सांगून झाल्या.

आपल्या उदाहरणात उतार म्हणजे नुकसानीचा उतार, बांध म्हणजे मर्यादा आणि बांधाचा जोर म्हणजे गुणक. विजेच्या मर्यादेचा गुणक λ आणि पाटाच्या मर्यादेचा μ. नुकसानीचं x आणि y या दोन्हींसाठी विकलन केलं आणि त्यात बांधांचे जोर मिळवून बेरीज शून्य ठेवली, की समतोलाची दोन समीकरणं मिळतात:

2(x − 5) + λ + μ = 0
2(y − 3) + λ = 0

दुसऱ्या समीकरणात μ नाही, कारण पाटाच्या कराराचा कांद्याशी संबंध नाही. यापुढची ओळ माझ्या मते या विषयाचा प्राण आहे:

λ(6 − x − y) = 0
μ(4.5 − x) = 0

कंसातली राशी म्हणजे मर्यादेपर्यंत उरलेली मोकळीक. गुणाकार शून्य, म्हणजे मोकळीक आणि गुणक यांपैकी निदान एक शून्य असलंच पाहिजे. जी मर्यादा पुरती वापरली गेलेली नाही, तिला किंमत नाही. जिला किंमत आहे, तिच्यात मोकळीक उरलेली नाही. उरलेल्या दोन अटी साध्या आहेत: दोन्ही मर्यादा पाळल्या गेल्या पाहिजेत, आणि λ व μ उणे असता कामा नयेत.

आता चारही शक्यता एकेक करून तपासू.

पहिली: कोणतीच मर्यादा टेकत नाही, दोन्ही गुणक शून्य. समीकरणं सांगतात x = 5, y = 3. मनाजोगतं उत्तर, पण बेरीज ८. विजेची मर्यादा मोडली. बाद.

दुसरी: फक्त पाटाची मर्यादा टेकते. x = 4.5, λ शून्य, म्हणून y = 3. बेरीज साडेसात. हीही बाद.

तिसरी: दोन्ही टेकतात. x = 4.5 आणि बेरीज ६, म्हणून y = 1.5. हे उत्तर नियमात बसतं. वीज पुरते, करारही पाळला जातो. नुकसान काढलं तर ०.२५ अधिक २.२५, म्हणजे अडीच हजार. इथे अनेक जण थांबतात. पण गुणक पाहा. दुसऱ्या समीकरणातून λ = 3, आणि तो पहिल्यात घातला की μ = −2. पाटाच्या मर्यादेचा गुणक उणे आला. म्हणजे हा बांध थोपवत नाही, ओढतो आहे. चेंडू खरं तर तिथे थांबूच इच्छित नाही, आपणच त्याला बांधाला चिकटवून ठेवलं आहे. उणे चिन्ह सांगतं की पाटाची पूर्ण साडेचार तासांची मुभा वापरण्याचा हट्ट सोडा, उसाचं पाणी थोडं कमी करून कांद्याला द्या, नुकसान घटेल.

चौथी: फक्त विजेची मर्यादा टेकते, μ शून्य. दोन समीकरणांतून x = 5 − λ/2 आणि y = 3 − λ/2. बेरीज 8 − λ ही ६ व्हायला हवी, म्हणून λ = 2. तेव्हा x = 4, y = 2. वीज नेमकी ६ तास, ऊस साडेचारच्या आत, दोन्ही गुणक उणे नाहीत. चारही अटी पाळल्या गेल्या. नुकसान १ अधिक १, म्हणजे २ हजार. तिसऱ्या शक्यतेपेक्षा पाचशे रुपयांनी कमी, उणे चिन्हाने सुचवलं होतं तसंच.

वाटणीचा प्रश्न सुटला: दोघांचाही एकेक तास कापायचा. आणि किमतीचा प्रश्न? त्याचं उत्तर λ मध्येच आहे. λ = 2 याचा अर्थ, विजेची मर्यादा किंचित सैल केली तर तासाला २ हजार या दराने नुकसान घटेल. पडताळून पाहा. वीज ६.१ तास मिळाली तर दोन्ही पिकांना ०.९५ तास कमी पडतील आणि नुकसान १.८०५ हजार होईल. घट १९५ रुपये, म्हणजे २ हजारांचा दहावा भाग २०० धरला होता त्याच्या अगदी जवळ. मात्र हा दर ‘किंचित’ बदलापुरताच खरा असतो. पूर्ण एक तास वाढवून ७ केले तर नुकसान अर्ध्या हजारावर येतं, घट दीड हजारांचीच होते. कारण टंचाई कमी होत जाते तशी पुढच्या प्रत्येक मिनिटाची किंमतही उतरत जाते. हंगामभर रोज एक तास इंजिन चालवायला दीड हजाराहून जास्त खर्च येत असेल तर ते आणू नये. λ वर भाळून २ हजारांचा सौदा केला तर पाचशे अंगावर येतील. अर्थशास्त्रात या गुणकाला छाया किंमत म्हणतात, आणि तिच्या नावावर होणाऱ्या चुकांपैकी ही सगळ्यात जास्त आढळणारी: काठावरचा दर पूर्ण गठ्ठ्याला लावणं.

पाटाच्या कराराला या उत्तरात किंमत शून्य आहे. शेजारी म्हणाला, साडेचारचे पाच तास करा, पण पैसे द्या, तर एक रुपयाही देण्यात अर्थ नाही. आपण चारच तास वापरतो आहोत.

तोच शेजारी करार आवळून साडेचारऐवजी साडेतीन तासांवर आला तर काय होईल? आता x = 4 चालणार नाही. पुन्हा चार शक्यता तपासल्या तर या वेळी दोन्ही मर्यादा टेकणारी शक्यताच टिकते: x = 3.5, y = 2.5, λ = 1, μ = 2. दोन्ही गुणक शून्याहून मोठे आहेत, म्हणून उत्तर पक्कं. नुकसान २.२५ अधिक ०.२५, पुन्हा अडीच हजार. मघाशी बाद झालेल्या तिसऱ्या शक्यतेतही नुकसान अडीच हजारच होतं. तिथेही दोन्ही मर्यादा टेकल्या होत्या आणि इथेही टेकल्या आहेत, तरी एक उत्तर चुकीचं आणि एक बरोबर. नुकसानीचा आकडा पाहून हा फरक कधीच कळला नसता. तो फक्त गुणकाच्या चिन्हाने दाखवला.

आणखी एक गोष्ट इथे बदलली. विजेच्या तासाची किंमत २ हजारांवरून १ हजारावर उतरली. वीज तेवढीच, टंचाई तेवढीच, मग भाव का पडला? कारण आता जादा पाणी मिळालं तरी ते उसाला देताच येत नाही, फक्त कांद्याकडे जाऊ शकतं, आणि कांद्याची गरज तुलनेने भागलेली आहे. एका मर्यादेची किंमत दुसऱ्या मर्यादेवर अवलंबून असते. जिथे चार-पाच साधनं एकदम अपुरी असतात, तिथे प्रत्येकाची किंमत सुटी सुटी ठरवायला गेलं की फसगत होते ती यामुळेच.

दोन मर्यादांना चार शक्यता झाल्या. तीन असत्या तर आठ. वीस मर्यादांना १०,४८,५७६ शक्यता होतात, आणि प्रत्यक्षातल्या प्रश्नांत मर्यादा हजारोंनी असतात. म्हणून संगणक शक्यता मोजत बसत नाही. एक युक्ती अशी: ‘गुणक गुणिले मोकळीक बरोबर शून्य’ या अटीतल्या शून्याच्या जागी एक छोटी धन संख्या t ठेवायची आणि ती हळूहळू शून्याकडे न्यायची. पाटाची मर्यादा क्षणभर बाजूला ठेवली तर आपल्या शेतात हे कागदावरच दिसतं. मोकळीक 6 − (8 − λ), म्हणजे λ − 2 आहे. तेव्हा समीकरण होतं:

λ(λ − 2) = t

t = 3 ठेवलं तर λ = 3, आणि उसाला साडेतीन व कांद्याला दीड तास मिळतात; एक तास वीज वापराविना उरते. t = 0.21 ला λ = 2.1, ऊस ३.९५, कांदा १.९५. t शून्याकडे नेलं की आपण ४ आणि २ वर पोचतो. चार शक्यतांचं कोडं आतून बाहेर जाणारी एक सलग वाट बनतं. या कुळातल्या रीतींना अंतर्बिंदू पद्धती म्हणतात आणि मोठ्या प्रश्नांसाठी आज त्या सर्रास वापरल्या जातात.

आता या अटी कुठे दगा देतात तेही पाहायला हवं. आपल्या नुकसानीचा आकार वाटीसारखा आहे, तळ एकच. मर्यादाही सरळ रेषांच्या आहेत. अशा वेळी केकेटी अटी पाळणारा बिंदू सापडला की तोच सर्वोत्तम, याची हमी असते. वाटी उपडी असेल तर ही हमी जाते. f = −x² हे −1 ते 2 या टप्प्यात सगळ्यात कमी कुठे होतं ते शोधा. x = 0 ला उतार शून्य आहे, दोन्ही मर्यादा लांब आहेत, गुणक शून्य; सगळ्या अटी पाळल्या जातात आणि तरी ती सगळ्यात वरची जागा आहे. x = −1 इथेही अटी पाळल्या जातात, गुणक 2 येतो, पण किंमत −1 च मिळते. खरं उत्तर x = 2, गुणक 4, किंमत −4. म्हणजे अटी पाळणारे बिंदू तीन आणि खरं उत्तर त्यांतलं एकच. अशा प्रश्नात केकेटी अटी उमेदवारांची यादी देतात; निवड आपल्याला करावी लागते.

दुसरा दगा याच्या उलट आहे: उत्तर समोर असतं आणि अटी त्याला ओळखत नाहीत. x² ≤ 0 ही मर्यादा ठेवून x सर्वात लहान करा असं म्हटलं, तर x = 0 याखेरीज दुसरा पर्यायच नाही. पण समतोलाचं समीकरण होतं 1 + λ·2x = 0, आणि x = 0 ठेवल्यावर ते 1 = 0 असं उरतं. कोणताही λ चालत नाही. दोष मर्यादा लिहिण्याच्या पद्धतीत आहे. त्या बिंदूवर मर्यादेला स्वतःचा उतारच उरलेला नाही, म्हणून तिच्याकडे थोपवायला जोर नाही. मर्यादा वक्र असताना हे टाळण्यासाठी सगळ्यात सोपी तपासणी मॉर्टन स्लेटर यांच्या नावाने ओळखली जाते, आणि ती वाटीसारख्या प्रश्नांना लागू पडते: सगळ्या मर्यादा काटेकोरपणे, म्हणजे थोडी मोकळीक ठेवून, पाळणारा निदान एक बिंदू दाखवा. आपल्या शेतात उसाला १ तास आणि कांद्याला १ तास दिला तरी दोन्ही मर्यादांमध्ये भरपूर मोकळीक उरते. x² ≤ 0 मध्ये असा बिंदू नाही.

ज्यांना हे हातात बसवायचं असेल त्यांनी पाटाचा करार साडेचार तासांचाच ठेवून वीज सव्वासात तास मिळते असं धरावं आणि चारही शक्यता कागदावर तपासाव्यात. एकच शक्यता टिकेल: उसाला ४.५ तास, कांद्याला २.७५ तास आणि दोन्ही गुणक ०.५.